अप्पांनी बसवलेलं माझं बजेट

मी कॉलेजसाठी सोलापुरात होस्टेलवर राहायला निघालो तेव्हा, आयुष्यभर कचेरीत हेडक्लार्की केलेल्या अप्पांनी माझं महिन्याचं बजेट कागदावर आखून दिलं. होस्टेल, मेस, पुस्तकं, सगळ्याला रकाने होते. प्रवासापुढे मात्र शून्य. मी विचारलं, तर म्हणाले, "दर शनिवार-रविवार मैंदर्गीला घरी ये की. मेसचे दोन खाडे पडतील, न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापले जातील. त्यात एसटीचं भाडं सुटतंय."

मी महिनाभर तसंच केलं आणि भाड्याला तात्पुरते पुस्तकांचे पैसे वापरले. महिनाअखेरीला आठ खाडे सांगितले, तर मेसवाल्या मावशी म्हणाल्या, "सलग तीन दिवस असतील तरच खाडा धरतो आमी. तुझा एकबी न्हाय."

अप्पांना सांगितलं. चुकलो असं म्हणतील तर ते अप्पा कसले? त्यांनी दोन मिनिटं कागदाकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "मग सोमवारी परत जायचं न्हाय. मंगळवारी जात जा."

बजेट चोख बसलं. त्यात कॉलेजला रकानाच नव्हता.