न बोललेली हमी

वकिलीच्या पहिल्या वर्षी मी ठाण्याच्या कोर्टात पक्षकारांपेक्षा जास्त घाबरत असे. त्या वर्षी खाडीकाठचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, माझ्याकडे आला. त्याची मीठ वाहणारी होडी कल्याणच्या बंदरात नांगरलेली असताना दोर तुटून खडकांवर फुटली होती. गावाचं म्हणणं, गाठ चुकली म्हणून दोर तुटला; म्हाताऱ्याला आता नांगराची गाठ मारता येत नाही. सख्खा धाकटा भाऊसुद्धा त्याच्याबरोबर पाण्यावर जायला तयार नव्हता. "होडीचं जाऊं द्या, वकीलसायब," तो म्हणाला, "माजे हातावर बोल आलाय."

दावा दोर विकणाऱ्या व्यापाऱ्यावर होता. अडचण खाडीवरच्या तांडेलांच्या रिवाजाची. नव्या दोराचं वेटोळं दुकानात उलगडायचं नाही, होडीवर नारळ फोडल्यावरच सोडायचं. म्हणजे माल न पाहता घेतलेला, आणि हमीचा शब्दही कोणी दिलेला नाही! हा खटला मी हरणार, अशी माझी खात्री होती.

व्यापारी सज्जन होता, कोर्टात साक्ष देताना खोटं बोलला नाही. तांडेलाने काय मागितलं, असं मी विचारलं.

"नांगरासाठी काथ्याचा दोर द्या, असं म्हणाला. मी दिला. पण तो टिकेल असं मी कधी म्हटलं नाही. आतलं मला काय ठाऊक? बांधलेला आला, बांधलेला दिला."

तांडेलाने त्या वेटोळ्यातला निम्माच दोर वापरला होता. उरलेला, पाणी न लागलेला, त्याने कोर्टात आणला होता. जज्जसाहेबांनी तो सगळ्यांसमोर उकलायला सांगितला. वरचे पदर नवे, पिवळेधमक. आतून काळा, कुजलेला जुना काथ्या निघाला आणि बोटांत त्याचा भुगा झाला. व्यापाऱ्याचा चेहरा पडला.

साहेब शांतपणे म्हणाले, "काम सांगून माल मागितला, आणि त्या कामासाठी असा माल नेहमी विकला जातो, तर तो त्या कामाला योग्य असल्याची हमी कायदा धरून चालतो. तोंडाने दिली नसली तरी. विकणाऱ्याला दोष ठाऊक नव्हता, ही सबब चालत नाही."

कराराच्या कायद्यातलं ते कलम मला तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. दोन माणसांच्या सौद्यात कोणीच न उच्चारलेलं वाक्य कायद्याने ऐकलं होतं! पोपटपंची करून पास झालेल्या मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून मोठा आनंद झाला.

नुकसानभरपाईचा हुकूम झाला. तांडेलाला त्यातलं काही कळलं नसावं. बाहेर गावची माणसं उभी होती. त्याने माझी बाही धरली. "काय झालं, ते यांना तुमीच सांगा. माजं कोन ऐकनार नाय."

मी मोठ्याने सांगितलं, "दोर मुळातच नांगराच्या लायकीचा नव्हता. यांच्या हाताचा काही दोष नाही."

म्हातारा पायरीवर बसला आणि हमसून रडू लागला. धाकटा भाऊ गर्दीतून पुढे आला. मग शेजारी बसून हळूच म्हणाला, "दादा, माजे होडीला नांगर बांधायचाय. येशील?"