मानपानाच्या क्रमानं लावलेले शब्द

मेलेल्या बाईच्या गाण्यातसुद्धा माणसं स्वतःचा मान शोधतात, हे मी सावेडीतल्या माझ्या खोलीत बसून पाहिलं. तेव्हापासून लग्नपत्रिकेवरची नावांची उतरंड दिसली तरी मला शिसारी येते.

खोली म्हणजे माझा स्टुडिओ. पूर्वी इथं जागरण-गोंधळाच्या पार्ट्या यायच्या आणि मी त्यांचं रेकॉर्डिंग करायचो. आता गिऱ्हाईक कागदावर शब्द घेऊन येतं, आणि गाणं एआय करतं. ॲपमध्ये दोन रकाने असतात. एकात गाण्याचे शब्द टाकायचे. दुसऱ्यात गाणं कसं वाजावं ते लिहायचं: आवाज कुणाचा, लय कशी, वाद्यं कोणती. या दुसऱ्याला स्टाईल म्हणतात आणि सगळी भांडणं तिथंच होतात.

मिरजगावच्या पुढून जीप करून तिघं आले होते. वारलेल्या बाईची मुलगी, मुलगा, आणि बाईचे थोरले दीर. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणालो. बाईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला प्रवचनाआधी गाणं वाजवायचं होतं. बाई कांदा खुरपताना स्वतः जुळवलेल्या ओव्या गायच्या. एकदाही कुणी मोबाईलमध्ये भरून ठेवल्या नाहीत. मुलीनं आठवतील तेवढ्या वहीत उतरवून आणल्या होत्या. पहिलीच ओवी अशी होती:

कांद्याच्या गं वाफ्यामंदी तन काढिते काढिते
लेक माझी शाळेमंदी धडा वाचिते वाचिते

मुलगी म्हणाली, "मला एकच पायजे. तिचे शब्द ऐकू आले पायजेत. तिच्यासंगं खुरपायला यायच्या त्या बाया बसणार हायेत पुढं."

मी स्टाईलचा रकाना उघडला, आणि आबांनी खुर्ची पुढं ओढली.

"लिवा. भव्य. सिनेमावानी. मोठा वाद्यवृंद." मी इंग्रजीत लिहिलं. मग आबा मुलाकडं पाहून म्हणाले, "तू सांग आता, तू कर्ता हायेस." मुलाला ढोल-ताशा हवा होता आणि खाली डीजेचा बेस. मग आबांनी फोन लावला. बाईच्या भावाला विचारायला नको का, मामाचा मान असतो, नाहीतर जेवायला बसायचा नाही. मामानं तुतारी सांगितली आणि भक्तिभाव सांगितला. मग व्याह्यांना फोन. व्याह्यांनी बासरी दिली, आणि कोरस दिला. मी टाइप करत होतो आणि डोक्यात तिडीक चढत होती. माणसं एका बाईची आठवण करत नव्हती, पत्रिका छापत होती. सगळ्यात शेवटी, पत्रिकेच्या तळाशी 'आमचंही आग्रहाचं निमंत्रण' असतं त्या जागी, मुलीला विचारलं.

"एकट्या बाईचा आवाज," ती म्हणाली. "संथ. वाद्यं नकोत."

मी आबांना समजावून पाहिलं. म्हटलं, हे यंत्र आधी आलेले शब्द घट्ट धरतं, मागचे बहुतेक वेळा सुटतात. आणि एकमेकांच्या उलटे शब्द एका जागी कोंबले की कशाचंच धड होत नाही. पाटाच्या तोंडाचे वाफे भरतात आणि टोकाचा कोरडा राहतो, तसं आहे. ताईंचे शब्द वर घेऊ, बाकीचे काढून टाकू.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग बरुबर हाय की. आमचा वाफा पयला."

मी बटण दाबलं. काय झालं असेल ते सांगायला नको. आभाळ कोसळल्यासारखा ढोल, त्यावर तुतारी, त्यावर पंचवीस पुरुष एका सुरात 'तन काढिते काढिते' ओरडत होते. शेवटी लिहिलेली एकटी बाई कुठंच नव्हती. 'वाद्यं नकोत' हे तर त्या रकान्यात लिहून उपयोगच नसतो. यंत्र त्यातला नकार सोडतं आणि वाद्यं धरतं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणी पाहून किळस आली, खोटं कशाला बोलू.

आबा आणि मुलगा खाली चहाला गेले. मी मुलीला म्हटलं, "दहा मिनिटं आहेत. आई कशी गायची ते सांगा. चांगलं-वाईट काही सांगू नका, फक्त कशी ते."

तिनं वही उघडून पहिल्या ओवीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "वाकून गायची. दम लागायचा. मोठ्यानं न्हाई, शेजारच्या वाफ्यातल्या बाईला ऐकू यील एवढंच."

मी भव्य खोडलं. वाद्यवृंद, बेस, ढोल, तुतारी, बासरी, कोरस, सगळं खोडलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सगळ्यात आधी लिहिलं: एकटी प्रौढ बाई, साथीशिवाय. मग संथ. मग गावाकडचं कामाचं गाणं. मग श्वास ऐकू येणारा, जवळचा आवाज. बस्स. पहिल्या खेपेला आवाज फार गुळगुळीत आला आणि मागं पेटी वाजत होती. नको असलेल्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो, त्यात पेटी आणि तालवाद्यं टाकली, पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला एक बाई गायली. तिच्या आईचा आवाज तो नव्हताच, कुठून असणार. पण शब्द न् शब्द कळत होता. मुलीनं वही मिटली आणि पदर तोंडाला लावला.

आबा वर आले. त्यांनी ते अर्धं ऐकलं. "बंद करा. एवढ्या मोठ्या घरची बाई, आन् गानं असलं उघडंबोडकं? पाव्हनं काय म्हनतील?"

मुलगा म्हणाला, "तसं हे पन बरं हाय, आबा." आबांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि कर्त्या मुलानं खिशातला पेनड्राईव्ह काढून माझ्यापुढं ठेवला.

मी तरी काय केलं? दोन्ही गाणी वाजवा, एकामागून एक, एवढं म्हणायलासुद्धा माझी जीभ उचलली नाही. आबांचा तालुक्यात वावर होता, त्यांच्या ओळखीनं चार कामं आली असती. मी पेनड्राईव्हवर ढोलाचं गाणं भरून दिलं. मुलीनं जाताना हळूच दुसरं मागून घेतलं, मी तिच्या मोबाईलवर पाठवलं. आबांची मला शिसारी आली होतीच, त्या संध्याकाळी आरशात पाहताना स्वतःचीही आली.

पुण्यस्मरणाला आग्रहानं बोलावलं, म्हणून गेलो. मांडव मोठा होता. पुढं सतरंजीवर सात-आठ बाया बसल्या होत्या, हातांच्या भेगांत माती तशीच. मुलगी त्यांच्यातच बसली होती, मोबाईल मुठीत धरून. गाणं सुरू झालं. दोन्ही स्पीकर थरथरले, पाहुण्यांनी माना डोलावल्या, आबांनी हात जोडून सगळीकडं पाहिलं. पहिली ओवी गेली, दुसरी गेली. एकाही बाईच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. ज्या ओव्या त्यांनी शेजारच्या वाफ्यात बसून वर्षानुवर्षं ऐकल्या, त्या त्यांच्या अंगावरून नुसत्या ढोलाच्या आवाजासारख्या निघून गेल्या.

गाणं संपल्यावर त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई मुलीकडं वळली. "लई मोठं गानं हाय गं," ती म्हणाली. "कुनाचं म्हनायचं?"

मी सतरंजीच्या कडेलाच उभा होतो. वाटलं, आता ही मोबाईल काढील, म्हणेल आईचं, ऐकवील. तिनं मुठीतल्या मोबाईलकडं पाहिलं. मग समोर हात जोडून उभ्या असलेल्या चुलत्याकडं पाहिलं.

"आबांचं," ती म्हणाली.