धाकट्याला न वाचता आलेला मामा

माझा मामा साचे दुरुस्त करायचा. बादल्या, झाकणं, डबे ज्या लोखंडी साच्यांतून निघतात, ते साचे. साच्याचे दोन भाग एकमेकांना चिकटून बसले नाहीत, मध्ये केसाएवढी फट राहिली, की डब्याच्या कडेला प्लास्टिकचा पापुद्रा येतो. ती फट मामा बोटाने ओळखायचा. माणसांतली फट ओळखायला मात्र त्याला तीन वर्षं लागली, आणि त्यातही त्याच्या बोटांचाच दोष होता.

मामी लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी म्हणून परदेशी गेली. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. मामी रविवारी व्हिडिओवर दिसते, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते सांगते आणि नातवाच्या हाका आल्या की अर्ध्या वाक्यात उठून जाते. मामा उरलेलं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे असतात. मी गेलो की ते उचलून पलंगावर, मी निघालो की परत खुर्चीवर.

"तुझ्या आईला सांग, भाऊ जिवंत आहे," हे त्याचं मला निरोप देण्याचं ठरलेलं वाक्य.

ती दुसरी खुर्ची एके काळी धाकट्याची होती. धाकटा म्हणजे कोरियन इंजिनिअर. कारखान्यात नवी मशीन आली तेव्हा ती बसवायला तो आला आणि दीड वर्ष राहिला. मामाहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात त्याने मामाचं वय विचारलं, बोटांवर हिशेब केला आणि 'ह्योंगनिम' म्हणायला लागला. ह्योंगनिम म्हणजे थोरला भाऊ, तोही आदराने. मामाला आयुष्यात कुणी इतक्या झटपट थोरला केलं नव्हतं. त्याने लगेच त्याला धाकटा करून टाकला.

इंग्रजी दोघांचंही यथातथाच. म्हणून मामाने कोरियन उचललं. शंभर पानी वहीत आपल्या अक्षरांत शब्द लिहून काढले. बोल्ट, दाब, गरम, हळू, मूर्खा थांब. आणि 'पाप मोगोस्सोयो', म्हणजे जेवलास का. त्यांच्याकडेही भेटल्यावर हेच विचारतात, याचं मामाला इतकं अप्रूप की तो ते दिवसातून चार वेळा विचारायचा. धाकटाही रोज संध्याकाळी दुसऱ्या खुर्चीवर बसून जेवायचा, म्हणजे उत्तर मामाच्याच ताटात असायचं.

मग मशीन बसली, धाकटा गेला. जाताना मामाच्या फोनवर त्यांच्याकडचं मेसेजचं ॲप टाकून गेला. त्या ॲपमध्ये तुम्ही पाठवलेल्या मेसेजशेजारी एकचा आकडा दिसतो. समोरच्याने मेसेज उघडला की तो एक नाहीसा होतो.

आता लिहायचं कसं? कारखान्यात मालाची रवानगी बघणाऱ्या एक ताई आहेत, डबे परदेशी पाठवतात. त्यांच्या स्क्रीनवर मामाने अरबी गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं पाहिलं होतं. अरबी भाषा, इंग्रजी अक्षरं, मध्ये मध्ये तीन आणि सातचे आकडे. शिवाय आपण सगळे तरी काय करतो? घरच्या ग्रुपवर आपलीच भाषा इंग्रजी अक्षरांत ठोकतो आणि आत्यापासून पुतण्यापर्यंत सगळ्यांना ती कळते. मामाने नियमच काढला, की बोलायची भाषा ज्याची त्याची, फोनची अक्षरं इंग्रजी. वहीतलं कोरियन तो इंग्रजी अक्षरांत टाकू लागला. pap mogossoyo, आणि पुढे चार-चार ओळी.

धाकट्याचं उत्तर त्याच्या ठोकळ्यांच्या लिपीत यायचं. मामा ते भाषांतराच्या ॲपात घालून वाचायचा. स्वतः मात्र ॲपचं भाषांतर कधी पाठवायचा नाही.

"मला तोंडाने येतंय ना," म्हणायचा. "मशीनने लिहिलेलं पाठवायला तो काय गिऱ्हाईक आहे?"

पहिल्या वर्षी धाकट्याची उत्तरं लांब होती. दुसऱ्या वर्षी एका ओळीवर आली. तिसऱ्या वर्षी नुसतं अस्वल. कमरेत वाकून नमस्कार करणारं, गोंडस, केशरी अस्वल.

"बिझी असतो रे," मामा म्हणायचा. "पण वाचतो. बघ, एक गेला." ते 'एक गेला' तो असा म्हणायचा, जणू पलीकडून कुणी दारावर टकटक केलंय.

गेल्या वर्षी मामाच्या निवृत्तीला महिना उरला असताना धाकट्याचा मोठा मेसेज आला. तो तासाभरावरच्या दुसऱ्या कारखान्यात दोन दिवसांसाठी येणार होता. गुरुवारी संध्याकाळी सहाला स्टेशनजवळच्या हॉटेलात बसू, जमेल का?

मामाला हॉटेल पसंत नव्हतं. घर असताना हॉटेल? त्याने अर्धा तास खपून उत्तर लिहिलं. हॉटेलात नको, घरीच ये. सहाला आपल्या जुन्या गेटवर उभा राहतो, तिथून बरोबर जाऊ. तुझी खुर्ची रिकामी करून ठेवलीय. सगळं कोरियन, सगळं इंग्रजी अक्षरांत, वेळ तेवढी आकड्यात. एक गेला. अस्वल आलं.

"येतोय!" मामा म्हणाला.

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभा राहिला. दिवसपाळी सुटली, रात्रपाळी आत गेली. वॉचमनने दोनदा विचारलं, "मामा, काही विसरलं का आत?" गेटवरून टाकलेल्या मेसेजचा एक गेलाच नाही, तेव्हा आठला मामा घरी आला. दोन माणसांचं रांधलेलं त्याने दोन दिवस खाल्लं.

शनिवारी धाकट्याची एक ओळ आली, विमानतळावरून. ह्योंगनिम, तुम्ही कामात असाल.

"मी कामात?" रविवारी मामा माझ्यावर ओरडला. धाकटा हाताशी नव्हता, भाचा होता. "दोन तास उभा होतो मी! मोठा साहेब झाला असेल तर तसं सांगावं. अस्वलं कसली पाठवतो?"

मी मामाचा तो गेटवरच्या भेटीचा मेसेज घेऊन भाषांतराच्या ॲपात घातला. ॲपने आधी ती भाषा कुठल्याशा दूरच्या बेटाची ठरवली आणि मग मला सांगितलं की गाढवाच्या गेटमध्ये सहा आहेत.

मामा हसला नाही. "तुझं ॲप खुळं आहे."

"मामा, त्याचं तरी शहाणं असेल का?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुपारच्या सुट्टीत रवानगीच्या ताईंकडे घेऊन गेलो. खोक्यांच्या थप्पीमागे त्यांचं टेबल. त्यांनी मेसेजची ती लांबलचक रांग अंगठ्याने वर वर ढकलत नेली.

"हे माझं बघून सुरू केलंत?"

"मग! तुम्ही तीन-सात घालून लिहिता तसं."

"अहो मामा, ते तीन-सात पोरांचं लिहिणं. त्या अरबी गिऱ्हाइकाकडे खरेदी बघणारा मुलगा आहे ना, तोच मला तसं लिहितो, म्हणून मी त्याला तसं लिहिते. तीन म्हणजे त्यांचं घशातलं एक अक्षर, दिसायला आरशातल्या इंग्रजी तीनसारखं. त्यांना सवय आहे. पण एकदा तेच मी त्याच्या वडिलांना पाठवलं. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, बाई, अरबी तरी लिहा नाहीतर इंग्रजी तरी, हे काय आहे? तेव्हापासून मी आधी बघते, समोरचा मला कुठल्या अक्षरांत लिहितो. त्यातच उत्तर." त्यांनी फोन मामाच्या हातात ठेवला. "तीन वर्षांत तुमच्या माणसाने एकदा तरी आपली भाषा इंग्रजी अक्षरांत लिहिलीय?"

मामाने चष्मा लावला. खालून वर गेला, वरून खाली आला. सगळे ठोकळेच ठोकळे.

"पण एक जायचा ना," तो म्हणाला.

"उघडल्यावर जातो मामा. कळल्यावर नाही."

मामाने चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाला, "चला, सुट्टी संपली." सुट्टी संपायला वीस मिनिटं होती.

धाकट्याला विचारलं मी. मामाच्याच फोनवरून, दोन सोप्या इंग्रजी ओळी आणि खाली ॲपचं कोरियन. गुरुवारी काय झालं, आणि मामा लिहितात ते तुम्हाला वाचता येतं का?

उत्तर यायला पूर्ण दिवस लागला. ते बरंच लांब होतं. गुरुवारी तो हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर नऊपर्यंत बसला होता, फोनला इथलं नेट नव्हतं. मामाच्या मजकुरातला सहाचा आकडा तेवढा त्याला कळला, म्हणून त्याने तो होकार धरला. आमच्याकडे आमची भाषा इंग्रजी अक्षरांत कुणी लिहीत नाही, त्याने लिहिलं होतं. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून पाहावा लागतो, भिंतीपलीकडून कुणी बोलतंय असं वाटतं. सुरुवातीला बायकोला वाचायला लावायचो, ती अंदाज सांगायची. मग तीही कंटाळली. ह्योंगनिम एवढ्या कष्टाने लिहितात, त्यांना कळत नाही म्हणून कसं सांगू? म्हणून अस्वल. छोटं इंग्रजी लिहा, चालेल. आमच्या अक्षरांत लिहिलंत तर चुका असल्या तरी मला कळेल.

मामाने ते दोनदा वाचायला लावलं. "सोफा मऊ होता का विचार," म्हणाला. मी विचारलं नाही, कारण तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

महिनाभराने मामा निवृत्त झाला. नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला. वेळ भरपूर झाला आणि किती वाजले ते सांगायला वर घड्याळही झालं. मी फोनवर कोरियन कीबोर्ड चालू करून दिला. मला वाटलं होतं आठवडाभरात कंटाळेल. पण ठोकळे बघून त्याचे डोळेच चमकले.

"अरे, हा साचाच आहे!" एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, एक खाली. तीन अक्षरं टाकली की कीबोर्ड ती स्वतःच एका चौकोनात बसवतो. "फट राहत नाही बघ." वहीतल्या प्रत्येक शब्दासमोर त्याने ठोकळे काढले. जुन्या शब्दांना तीन वर्षांनी त्यांचे खरे कपडे मिळाले. अर्थात, कानाला आलं तसेच. शुद्धलेखनाशी मामाचं शाळेपासूनच जमलेलं नाही, ते परभाषेत कशाला जमेल?

एका रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा तो टेबलाशी बसला होता. मामीचा व्हिडिओ होऊन गेला होता, अर्धं वाक्य हवेत होतं. त्याने फोन माझ्यासमोर धरला. दोन-चार ठोकळे आणि पुढे प्रश्नचिन्ह. जेवलास का.

"पाठवू?"

"पाठव."

एक होता. आम्ही दोघं त्या एकाकडे बघत बसलो. बराच वेळ तो होता. मग गेला. या वेळी मामा 'एक गेला' म्हणाला नाही.

अस्वल आलं नाही. ठोकळे आले, पुढे हसण्याची त्यांच्याकडची दोन अक्षरं. मामाने भाषांतराचं ॲप उघडलं नाही, बोट खाली ठेवून ठोकळा ठोकळा स्वतः वाचत गेला, पहिलीतल्या पोरासारखा ओठ हलवत.

"जेवला," तो म्हणाला. "म्हणतो, ह्योंगनिम, एक अक्षर चुकलंय, पण तुमचा आवाज ऐकू आला." मग खालची ओळ. "इकडे यायचं आता नाही. त्याच्या कंपनीने ते काम बंद केलं."

मी खुर्चीवरचे कपडे उचलायला लागलो.

"असू दे, ते राहू दे," मामा म्हणाला. फोन अजून त्याच्या हातात होता. "शेवटी विचारलंय त्याने. तुम्ही जेवलात का."

दोन वाजून गेले होते. मामा जेवला नव्हता. त्याने फोन टेबलावर, अजून टांगायच्या राहिलेल्या घड्याळाला टेकवून उभा केला, उठला, तांदूळ धुतले आणि कुकर लावला.