साडेसातचा गणिताचा पेपर

साल चौतीस असावं. तिथी चैत्र वद्य प्रतिपदा, ही पक्की आठवते. दुपारच्या सुट्टीत मी चौथीच्या परीक्षेसाठी ताव कापत बसले होते. शिपाई सूचनावही घेऊन आला. हेडमास्तरांचं परिपत्रक होतं: ऊन वाढल्यामुळे उद्यापासून वार्षिक परीक्षा अकराऐवजी सकाळी साडेसातला सुरू होईल. पहिला पेपर गणिताचा, बाकीचे पुढच्या आठवड्यात. गैरहजर मूल नापास. सर्व शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवून सही करावी.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात वाचून दाखवलं. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून एकच मुलगी चौथीत येई. ती उभी राहिली.

"बाई, सकाली खाडीत पानी नसतं. होरी चिखलात बसंल."

खरं होतं. पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस त्या वेळी खाडीत नुसता चिखल. होडी हलायला साडेनऊ वाजणार.

"मग आज रात्री इकडेच राहा."

"बा नाय र्‍हाऊ देनार. नापास झाली तं सुकटीवर बस, बोल्लाय."

सुकट वाळवायला बसली की ती परत शाळेत येणार नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. गणितात वर्गात तीच पुढे होती.

सही न करता मी वही हातात घेऊन निघाले. तिसरीचे मास्तर हसले. "बाई, समुद्रालाही परिपत्रक पाठवायला सांगा. त्याची सही राहिलीय."

हेडमास्तरांना भरती-ओहोटीची कल्पना नव्हती, ते देशावरचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका मुलीसाठी वेळ बदलायची?"

"वेळ राहू द्या. क्रम बदला. तोंडी परीक्षा एकेकाची घ्यायची असते, ती आधी घेते. लेखी गणित दहाला."

"आणि तिची तोंडी?"

"लेखी झाल्यावर. सगळ्यांत शेवटी."

"बाकीच्या वर्गांचं काय?"

"त्यांच्यात खाडीपलीकडचं कुणी नाही. फक्त चौथीपुरतं लिहा."

त्यांनी टाक उचलला आणि परिपत्रकाखाली एक ओळ लिहिली. मी सही केली. वर्गात येऊन मुलीला सांगितलं, पाणी चढलं की पहिल्या होडीनं ये, उशिरा आलीस तर मी थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी पहिल्या मुलाला कविता म्हणायला उभं केलं. कुणालाही घाई केली नाही. एकोणीसचा पाढा जिथे अडला, तिथे पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला. पावणेदहाला सगळे संपले. मी ताव वाटले, दहाला फळ्यावर गणितं लिहायला घेतली. तिसरं गणित लिहीत असताना ती दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी रांजणाकडे बोट दाखवलं, तिचा ताव तिच्या जागेवर ठेवला आणि चौथं गणित लिहिलं.