पाचवं टेबल

सरकारी नोकरीत माणूस साठीच्या दोन वर्षं आधीच म्हातारा होतो. माझी जन्मतारीख एक जून. सावद्याच्या शाळेत मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना हीच तारीख वाटली होती, त्यामुळे आमच्या पिढीतले खंडीभर कारकून एकतीस मेला निवृत्त होतात आणि त्या आठवड्यात जळगावात शाल मिळणं मुश्किल होतं. माझा नंबर लागला तेव्हा शेवटचा दिवस शुक्रवारी आला होता.

मी आस्थापना शाखेचा कारकून. म्हणजे लोकांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात. कोण कधी नोकरीला लागला, कुठे बदली झाली, किती रजा घेतल्या, वर्षाच्या शेवटी सेवा पडताळल्याची नोंद आणि तिच्याखाली साहेबांची सही, हे सगळं त्या जाड पुस्तकात असतं. ते पुस्तक नीट असेल तरच पेन्शन. मी तीस-पस्तीस वर्षं इतरांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या आणि त्याचा मला अभिमान होता, हे लपवून काय करू? फक्त स्वतःचं पुस्तक स्वतः हाताळायचं नाही असा नियम. माझं पुस्तक माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे होतं. दरवर्षी त्या ते उघडून पुढे ठेवत आणि मी न बघता ‘पाहिले’ म्हणून सही ठोकून देई.

या बाई धुळ्याकडच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला भाऊ म्हणत, मी त्यांना मॅडम म्हणे. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या आजारपणात त्यांनी रजेचा अर्ज दिला, तो मी तीनदा परत केला होता. पहिल्यांदा अर्जावर तारीख नव्हती. दुसऱ्यांदा रजेच्या काळातला पत्ता नव्हता. तिसऱ्यांदा वैद्यकीय दाखल्यावरचा शिक्का पुसट होता. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. न बोलणाऱ्या माणसाची मला कायमच धास्ती वाटत आली आहे.

आमच्याकडे एक वाईट रिवाज आहे. कुणी निवृत्त व्हायला आला, की शेवटच्या दोन महिन्यांत त्याच्याविरुद्ध एक निनावी अर्ज हमखास पडतो. चौकशी प्रलंबित नाही असा दाखला मग अडकतो, आणि त्या दाखल्यासोबत पेन्शन. असे अर्ज मीच हाताळले होते. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं असे, तरी कुठल्या टेबलावरून आलं ते मला वासावरून कळे. त्यामुळे एप्रिलपासून मी स्वतःच्या अर्जाची वाट बघत बसलो होतो.

एप्रिलच्या मध्यात आमचा शिपाई पाणी ठेवता ठेवता म्हणाला, “भाऊ, तुमना नावनं मुंबईथून पाकीट उनं. मॅडमनी लगेच कपाटमा ठेवी दिनं.”

“माझ्या नावाचं? मग मला का नाही दिलं?”

“माले काय माहीत. साहेबनी सांगेल शे, भाऊले दखाडू नका.”

मुंबईला माझं पेन्शन प्रकरण तपासायला गेलेलं. तिथून पाकीट येतं, साहेब ते मला दाखवू नका म्हणतात आणि बाई ते कुलपात ठेवतात. दोन अधिक दोन करायला मला किती वेळ लागणार?

त्यानंतर सगळंच दिसू लागलं. मी आलो की खोलीतली कुजबुज थांबे आणि नुसता कूलर घरघरत राही. बाई साहेबांच्या केबिनमध्ये जात आणि दार लोटून घेत. एका सोमवारी त्यांनी किरकोळ रजा टाकली, पुढच्या गुरुवारी पुन्हा टाकली. दोन्ही वेळा त्या धुळ्याला गेल्याचं शिपायाने सांगितलं. धुळ्याच्या कार्यालयात मी पूर्वी नऊ वर्षं काढली होती. तिथे माझ्यावर खार खाणारे दोघे तरी अजून नोकरीत होते. बाई एप्रिल-मेच्या उन्हात, एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने, लाल बसमधून माझी जुनी भानगड उकरायला जात होत्या, अशी माझी खात्रीच झाली. भानगड कुठली, ते मलाही आठवेना. पण शोधली तर प्रत्येकाची काही ना काही सापडते, हे मला माझ्याच कामातून माहीत होतं.

घरी मी बायकोला म्हणालो, “पेन्शन अडकणार. तिने डाव साधला.”

“तुम्ही विचारून का नाही बघत?” ती म्हणाली.

विचारायचं? मी? ज्याला अख्खं कार्यालय विचारायला येतं, त्याने धाकट्या कारकुनाच्या टेबलापुढे उभं राहायचं? मी विचारलं नाही. मी भाषण लिहायला घेतलं.

निरोपाच्या भाषणाची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. आधी साहेब शाल-श्रीफळ देतात, कार्यालयातल्या बायका त्याच्या पत्नीची ओटी भरतात, मग दोघे-चौघे बोलतात आणि ‘भाऊंचा स्वभाव कडक पण मन निर्मळ’ असं प्रत्येकजण म्हणतो. मग सत्कारमूर्ती बोलतो. त्याच्यानंतर अध्यक्ष म्हणून साहेब, आणि शेवटी आभार. आभार झाले की कार्यक्रम संपला. त्यानंतर कुणी माइक धरत नाही, लोक कचोरीकडे वळतात.

सत्कारमूर्तीने सहकाऱ्यांचे आभार मानायचे ते टेबलांच्या क्रमाने. दारापासून खिडकीपर्यंत. पहिलं टेबल आवक-जावक, दुसरं रोखपाल, तिसरं भांडार, चौथं माझं, पाचवं बाईंचं, सहावं लेखाशाखा. ज्येष्ठता, मान-अपमान यांचा प्रश्न नको म्हणून जुन्या लोकांनी ही रीत पाडलेली. तिचा तोटा एवढाच, की ऐकणारा मनात मोजत असतो. आपल्या टेबलाची पाळी आली की सरसावून बसतो.

मी पाठकोऱ्या कागदांवर चार पानं लिहिली. प्रत्येक टेबलासाठी दोन ओळी. चौथ्यावरून मी सरळ सहाव्यावर आलो. पाचवं गाळलं. वाईट शब्द एकही लिहिला नाही, तशी गरजच नव्हती. ते पान वाचताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी चारला सभागृहात सगळे जमले. बाहेर ऊन इतकं की खिडक्यांना ओले पडदे लावले होते. बायको पहिल्या रांगेत, नव्या साडीत, हातपंखा हलवत. बाई कोपऱ्यात एका बाजूला उभ्या होत्या, हातात एक फाइल. ती फाइल पाहून मी खिशातले भाषणाचे कागद चाचपले. भर कार्यक्रमात नोटीस देणार की काय, असंही मनात येऊन गेलं.

मी उठलो. सुरुवातीला नोकरीच्या पहिल्या दिवसाची गंमत सांगितली, लोक हसले. चोपड्याला असताना केळीच्या ट्रकवर बसून कार्यालय गाठल्याची गोष्ट सांगितली, पुन्हा हसले. मग आभार. आवक-जावक. रोखपाल. भांडार. “चौथं टेबल माझंच, त्याचे आभार मी काय मानणार,” म्हणालो, आणि तिथे थांबलो. बाई फाइल छातीशी धरून थोड्या पुढे सरकल्या. मी म्हणालो, “आणि आमची लेखाशाखा.”

लेखाशाखेचे गृहस्थ उभे राहण्याऐवजी बाईंकडे बघू लागले. शिपाई दाराशी होता, त्याने मान खाली घातली. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी लेखाशाखेच्या दोन ओळी संपवल्या, शिपायांचे आणि सफाईवाल्या अक्कांचे आभार मानले, बायकोचे मानले आणि टाळ्यांत खाली बसलो.

साहेब उठले. म्हणाले, “भाऊंना एक गोष्ट आम्ही सांगितली नव्हती. आज सांगायला हरकत नाही.”

बायकोचा पंखा थांबला.

“भाऊंचं पेन्शन प्रकरण एप्रिलमध्ये मुंबईहून आक्षेप लागून परत आलं होतं. धुळ्याहून बदली झाली त्याआधीच्या अकरा महिन्यांची सेवा पडताळलेली नव्हती. नोंद लिहिली होती, खाली सही नव्हती.”

मला एका क्षणात आठवलं. धुळ्याला त्या वर्षी शाखेत दुसरा कारकून नव्हता, म्हणून नियम बाजूला ठेवून माझ्यासकट सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी मीच लिहिल्या होत्या. पुस्तकांचा गठ्ठा तिथल्या साहेबांपुढे ठेवून सह्या घेतल्या. स्वतःचं पुस्तक शेवटी ठेवलं होतं, आपलंच आहे, सावकाश घेऊ म्हणून. तेवढ्यात बदलीचा आदेश आला. नंतर मी दरवर्षी ‘पाहिले’ म्हणत सही करत राहिलो आणि ती मोकळी जागा कधीच पाहिली नाही. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात असती तर मी त्याला नाचवला असता.

साहेब पुढे सांगत होते. धुळ्याच्या कार्यालयात इतकी जुनी वेतन देयकं कुठल्याशा कोठीत पडलेली. बाई दोनदा गेल्या, रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने. कोठीत बसून अकरा महिन्यांची देयकं काढली, तिथल्या साहेबांकडून पडताळणीची सही आणली, प्रकरण परत पाठवलं, रोज फोन केले. “भाऊंना कळलं तर त्यांना कमीपणा वाटेल, शेवटचे दिवस आहेत, सांगू नका, असं याच मॅडम म्हणाल्या,” साहेब म्हणाले. “परवाच पेन्शनचा आदेश आला. असं सहकार्य फार कमी जणांच्या वाट्याला येतं. भाऊ, या.”

ती फाइल बाईंनीच माझ्या हातात दिली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण अध्यक्षांचं भाषण झालं होतं, आणि पुढे फक्त आभार होते. ते मानायचं काम कुणाकडे होतं? त्यांच्याकडेच. त्यांनी साहेबांचे मानले, माझ्या बायकोचे मानले, माइकवाल्याचे, कचोरीवाल्याचे मानले. आभार मानणारा स्वतःचे मानत नाही. त्यामुळे त्या दिवशी पाचव्या टेबलाचे आभार कुणीच मानले नाहीत. घरी सोडायला जीप दिली होती. बायकोने पेन्शनची फाइल वाटभर स्वतःच्या मांडीवर धरली. मला माझी लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

सोमवारी सकाळी मी कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीवर नवा माणूस होता. मी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि रात्रीतून पुन्हा लिहिलेलं भाषण पुढे ठेवलं. त्यात चौथ्यानंतर पाचवं होतं. दोन ओळी नव्हत्या, पानभर होतं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. मग कागद माझ्याकडे फिरवला.

“भाऊ, यावर तारीख नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा होती, की तीन वर्षांपूर्वीचा हिशेब होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पेन काढलं. हात आपोआप शुक्रवारची तारीख लिहायला निघाला आणि थांबला. मागची तारीख मी आयुष्यात कुणाला टाकू दिली नव्हती. मी सोमवारची तारीख लिहिली, खाली सही केली आणि कागद त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, तारीख तपासली आणि मला म्हणाल्या, “बसा, चहा सांगते.”