पान ४३, मागील बाजू

अनसूया वासनिक मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा जबलपुरात नेपियर टाउनची वाहतूक अडली होती. त्यांच्या स्कूटरवर पुढे पुस्तकं, मागे पुस्तकं, पायाशी पुस्तकं. मध्ये कुठेतरी त्या स्वतः असाव्यात, कारण गठ्ठ्यातून "भैया, जरा सरका" असा बारीक आवाज येत होता. मागच्या ऑटोवाल्यांपैकी निम्मे तोवर म्हातारे झाले होते, आणि एकाची सोयरीक जुळली होती. त्यांच्या टायपिस्टाच्या दुकानापर्यंत अर्धी पुस्तकं मी वाहिली. तेवढ्या वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, "एखादं पडलं तर नाही ना?" तेव्हापासून त्यांच्या घरी माझं येणं-जाणं सुरू झालं.

बाई अशा भित्र्या. केंद्र सरकारच्या कार्यालयात हिशेब तपासत आयुष्य गेलेलं. घरी गॅस बंद केला की त्या नवऱ्याला साक्षीदार म्हणून बोलवत. जगदीशराव तोफांच्या कारखान्यात होते. त्यांना स्फोटाची भीती वाटत नसे, पण बायकोच्या "बघता का जरा" या हाकेनं ते दचकत. अशा बाईनं पन्नाशीत पीएच.डी. करायला घेतली. विषय होता मराठ्यांच्या छावणीबरोबर इकडे आलेल्या कोष्टी बायकांचा.

प्रबंध तपासणीला गेला, आणि बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. संदर्भसूचीतल्या भय्यासाहेब संग्रहाच्या, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या एका संग्रहाच्या, नोंदीप्रमाणे त्यांनी संग्रहातून पृष्ठ ४३ चा फोटो मागवला होता. त्यावर कोष्टी बाया नव्हत्या, चार बैल होते. सोमवारपर्यंत खुलासा द्यावा, नाहीतर संदर्भ बनावट मानून प्रबंध फेटाळण्यात येईल.

सगळा चौथा अध्याय त्या एका पानावर उभा होता. अनसूयाबाईंनी जेवण सोडलं.

"अवं, तू पाहिलं होतं ना ते पान?" जगदीशराव म्हणाले.

"पाहिलं होतं. म्हणजे, पाहिलं असंन."

"असंन काहून म्हणून राहिली?"

"आता बैलच दिसून राहिले मले."

बाईंनी संदर्भसूची काढली. शेकडो छापील पुस्तकं, आणि त्यांच्यात वर्णानुक्रमानं कोंबलेली ती एक नोंद: भय्यासाहेब संग्रह, जबलपूर, पृ. ४३. त्यांनी टाइपाला लिहून दिलं होतं ते निराळं होतं. आम्ही बंडूभैयाच्या दुकानात गेलो. टायपिस्ट बंडूभैया मूळचे अमरावतीचे, हात जलद, मन स्वच्छ.

"दीदी, साऱ्या पुस्तकांले 'पृ.' होतं, या एकाच ठिकाणी 'पान'. अच्छा नाही दिसत. पान अन् पृष्ठ एकच ना?"

"अन् 'रुमाल ७' कुठं गेला?"

बंडूभैया ओशाळले. "मले वाटलं तुमचा रुमाल हरवला, त्याची आठवण लिहून ठेवली तुम्ही. मी काढून टाकलं."

जुने कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? आणि मोडी बाडाचं पान म्हणजे अख्खा कागद, दोन्ही बाजूंसकट, आकडा एकच. नोंदीत रुमाल नाही म्हणून संग्रहातल्या लोकांनी पहिलाच रुमाल उघडला, आणि त्यातल्या बाजू पृष्ठांसारख्या मोजल्या. बैल तिथले.

एवढं कळल्यावर माणूस हसला असता. अनसूयाबाई आणखी घाबरल्या. चूक बंडूभैयाची निघाली, पण आपल्याही वहीतला सात हा एक असेल तर? मोडीतली ओळ आपणच चुकीची वाचली असेल तर? शनिवारी संग्रहाच्या वाचनकक्षात त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. कर्मचारी राखी मॅडमनी सातवा रुमाल टेबलावर ठेवला. बाईंना गाठ सुटेना.

"मी सोडू का?" मी म्हटलं.

"नको. काही फाटलं तर तुमच्यावर येईल."

वहीप्रमाणे त्यातलं तिसरं पुडकं. चाळीस, एक्केचाळीस. त्रेचाळीसाच्या पुढल्या बाजूवर जोंधळ्याचा हिशेब होता, बाई कुठेच नव्हती. अनसूयाबाईंनी डोळे मिटले. मग राखी मॅडम म्हणाल्या, "पलटाइए ना, दीदी."

मागच्या बाजूला कोष्टी बाया होत्या. नावानिशी, एकीखाली एक, प्रत्येकीला दिलेल्या धान्यासकट. बाईंनी त्या ओळी बोट न लावता, दुरून, पुन्हापुन्हा वाचल्या. सुटकेचं हसू मात्र त्यांच्या तोंडावर आलं नाही.

सोमवारी फोटोसह खुलासा गेला. सूचीत छापील ग्रंथांपासून वेगळं 'अप्रकाशित साधने' असं शीर्षक आलं, आणि त्याखाली: भय्यासाहेब संग्रह, जबलपूर, रुमाल ७, पुडके ३, पान ४३, मागील बाजू, मोडी हस्तलिखित. बंडूभैयांनी ते श्वास रोखून टाइप केलं. अनसूयाबाई मागे उभ्या राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या.

परीक्षकांनी 'संदर्भ आढळला' एवढंच कळवलं. पदवी मिळाली. त्यानंतर अनसूयाबाईंनी एकही हस्तलिखित उघडलं नाही.