सेमाडोहचा बेत

गजेंद्र अमरावतीच्या एका बियाणे दुकानात हिशेब बघतो. स्वभावाने सरळ, कुणाला दुखवायचं नाही असा. थोरला भाऊ खुशालराव अकोल्याला असतो आणि वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचाच.

मागच्या दिवाळीत गजेंद्रने बायकापोरांना नागपूर दाखवलं. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला. धाकटा श्याम बागेच्या दारातच बसकण मारून बसला, थोरली आकांक्षा दोन दिवस धड जेवली नाही, आणि परतीच्या बसमध्ये बायकोचे, पौर्णिमाचे, डोळे भरून आले. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता पोरांना ठरवू द्या. नाहीतर मी कुठंच येणार नाही."

म्हणून या उन्हाळ्यात पौर्णिमाने बैठक घेतली. दोन रात्री आणि तारखा ठरलेल्या, त्यात बदल नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. जागा मात्र पोरांनी निवडायची: थंड हवेचं चिखलदरा किंवा वाघांच्या जंगलातलं सेमाडोह.

"सेमाडोह!" श्याम ओरडला. "वाघ दिसन!"

"दिसन का नाही ते वाघाले विचार," आकांक्षा म्हणाली. "पण सकाळच्या सफारीले पहाटे उठा लागते. तू उठशीन का?"

"मीच साऱ्यायले उठवतो."

ते काम त्याला मिळालं. घाटात श्यामला मळमळतं, म्हणून घाट चढण्याआधी परतवाड्याला थांबायचं, त्याला पुढं बसवायचं, ओवा-लिंबू जवळ ठेवायचा, हे आकांक्षाने स्वतः ठरवून घेतलं. खिडकी जाताना श्यामची, येताना तिची. त्यावर भांडण झालं नाही. पंधरवडा घरात जंगलाशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि पौर्णिमा कधी नव्हे ती गुणगुणत पोळ्या लाटत होती.

मग निघायच्या आठवड्यात खुशालरावचा, पोरांच्या मोठ्या बाबांचा, फोन आला.

"गजा, आमी बी येऊन राहिलो. गाडी काढतो. चिखलदऱ्याले माह्या साडूच्या ओळखीचं हॉटेल हाय. सारे एकाच जागी राहू."

"दादा, पोरांनी सेमाडोह ठरवलं होतं..."

"पोरं काय ठरवतात रे? त्यायले आइस्क्रीम दिलं का झालं."

गजेंद्रने "हो दादा" म्हटलं. घरी सांगायचं मात्र त्याच्याने झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आदल्या संध्याकाळी, बॅगा भरून झाल्यावर त्याने सांगितलं.

श्यामने रडून घर डोक्यावर घेतलं. आकांक्षा रडली नाही. "मंग आमाले विचारलं काहून?" एवढंच म्हणाली. पौर्णिमाने गजेंद्रकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"निदान फोन आला त्या दिवशी तरी सांगायचं," ती आतून म्हणाली. "पोरांनी दुसरं काहीतरी ठरवलं असतं."

सकाळी गाडीत पुढची जागा खुशालरावच्या बायकोची होती. परतवाड्याला थांबायचं गजेंद्रने सुचवलं, पण खुशालरावला ऊन चढायच्या आत वर पोचायचं होतं. घाटात श्याम आईच्या मांडीवर ओकला.

"ओवा कुठं आहे?" पौर्णिमाने विचारलं.

"नाही घेतला," खिडकीबाहेर बघत आकांक्षा म्हणाली. "तो बेत तर रद्दच झाला ना."

"पोरायले काही वळण लावलं का नाही रे गजा?" खुशालराव आरशात बघत म्हणाला. गजेंद्र श्यामची पाठ चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पांघरुणातून बाहेर येईनात. खाली खुशालराव सगळे पॉइंट एका दमात दाखवायला तयार होऊन बसला होता. सगळ्यांना उठवणारा श्याम भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आता तुम्हीच उठवा," पौर्णिमा म्हणाली.

गजेंद्र पलंगाच्या कडेला टेकला. "चुकलं माझं. सकाळी मोठ्या बाबांसोबत जाऊ, ते काही बदलणार नाही. पण दुपार तुमची. काय करायचं ते तुम्ही सांगा."

श्यामने पांघरुणातून डोकं काढलं. "तलावात बोट हाय म्हणे."

"मोठ्या बाबाले विचारलं का?" आकांक्षाने विचारलं.

"आता विचारतो."

तो खाली उतरला. खुशालराव गाडी पुसत होता.

"दादा, दुपारी पोरांना तलावावर..."

"दुपारी साडूच्या मित्राकडं जेवण हाय. त्यायले नाही म्हणता येते का? चाल, बोलाव साऱ्यायले."

गजेंद्र तिथंच उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. खुशालराव फडकं झटकून गाडीत बसला.

गजेंद्रने वळून वर पाहिलं तर आकांक्षा गॅलरीत उभी. तिने सगळं ऐकलं होतं. गजेंद्र जिना चढून आला तेव्हा ती श्यामला बूट घालून देत होती.

"बेटा, मी अजून एकदा..."

"राहू द्या बाबा," ती हळूच म्हणाली, मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तशी. "तुमाले नाही जमत. आमी येतो."

आणि दोघंही, एका शब्दाची कुरकुर न करता, त्याच्या पुढून जिना उतरून गेली.